तक्रारीला जोडायचे परिणाम-निवेदन : ‘झोप उडाली’ एवढे लिहून का भागत नाही

प्रश्न : वरिष्ठांकडून गेले सात महिने होणाऱ्या अपमानाविरुद्ध मी लेखी तक्रार तयार केली आहे. दर सोमवारच्या बैठकीत ते सर्वांसमोर माझी खिल्ली उडवतात. तक्रारीसोबत ‘या वागणुकीचा तुमच्यावर काय परिणाम झाला’ याचे निवेदन जोडायला सांगितले आहे. मी लिहिले ते असे : ‘या छळामुळे माझे आयुष्य उद्ध्वस्त झाले आहे. मला झोप येत नाही, कामात लक्ष लागत नाही आणि तब्येत पूर्ण ढासळली आहे.’ सगळे खरे आहे, तरी वाचताना मलाच ते पोकळ वाटते. शिवाय मला आधीपासून अर्धशिशी आहे आणि गेल्या काही महिन्यांत माझ्याकडून कामात चुकाही झाल्या आहेत. या दोन्ही गोष्टी लिहाव्यात की टाळाव्यात?

उत्तर :

दोन्ही गोष्टी लिहा. त्या कुठे आणि कशा लिहायच्या ते पुढे येईलच, पण आधी तुमचा मसुदा पोकळ का वाटतो ते पाहू. मी अनेक वर्षे अंतर्गत चौकशी समित्यांवर काम केले आहे आणि अशी निवेदने दोन्ही बाजूंनी वाचली आहेत. तुमच्या दोन वाक्यांत खोटे काहीच नाही. अडचण अशी आहे की त्यातले एकही वाक्य समितीला तपासून पाहता येत नाही, आणि जे तपासता येत नाही त्यावर समितीला निष्कर्ष उभारता येत नाही. ‘आयुष्य उद्ध्वस्त झाले’ हे वाचून सदस्य हळहळतील, पण अहवालात त्याच्यासाठी ओळ लिहू शकणार नाहीत.

परिणाम-निवेदनाने घटना सिद्ध करायच्या नसतात. ते काम तक्रारीचे, साक्षीदारांचे आणि ईमेलचे आहे. निवेदन एक फरक दाखवते : आधी काय होते, नंतर काय झाले, आणि तो फरक घटनांबरोबर कमी-जास्त होत गेला का. यातला तिसरा भाग लोक हमखास विसरतात, आणि समितीला पटते ते बहुतेक वेळा त्याच भागामुळे.

आणखी एक खुलासा इथेच करतो. आजारी पडल्याशिवाय तक्रार ग्राह्य धरली जात नाही, असा अनेकांचा समज असतो आणि त्या धास्तीपोटी ते निवेदन फुगवतात. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २०१९ मध्ये कामाच्या ठिकाणच्या हिंसा आणि छळाविषयी जो करार क्रमांक १९० स्वीकारला, त्यातल्या व्याख्येत ज्या वर्तनातून हानी होते त्याबरोबरच ज्यातून हानी होण्याची शक्यता आहे तेही वर्तन मोडते. सगळ्या कार्यालयांचे नियम हुबेहूब असे नसतात, म्हणून आपल्या धोरणातली व्याख्या एकदा वाचून घ्यावी. परिणामाचा उपयोग प्रामुख्याने गांभीर्य ठरवण्यासाठी आणि चौकशी चालू असताना तात्पुरती कोणती व्यवस्था करायची हे ठरवण्यासाठी होतो. तेव्हा जे नाही ते लिहिण्याची गरज नाही, आणि जे आहे ते नेमके लिहिले तर पुरते.

आता झोपेपासून सुरुवात करू, कारण तुमच्या बाबतीत काम आणि तब्येत यांना जोडणारा धागा तोच दिसतो. ‘झोप येत नाही’ या तीन शब्दांत निदान तीन वेगवेगळ्या तक्रारी दडलेल्या असतात : अंथरुणावर पडल्यावर डोळा लागायला वेळ लागणे, मध्यरात्री जाग येऊन पुन्हा झोप न लागणे, आणि पहाटे फार लवकर जाग येणे. तुम्हाला यातले काय होते ते लिहा आणि सोबत आठवड्यातून किती रात्री व किती महिन्यांपासून हे सांगा. निद्रानाशाचे निदान करताना डॉक्टर सर्वसाधारणपणे आठवड्यातून किमान तीन रात्री आणि किमान तीन महिने हा निकष पाहतात. निदानाचा शब्द तुम्ही स्वतः वापरू नका, तो डॉक्टरांनी लिहिला असेल तरच त्यांच्या नावाने द्या. पण काय मोजायचे हे मात्र या निकषावरून कळते.

मोजण्यासाठी झोपेची नोंदवही ठेवा. सकाळी उठल्यावर पाच मिनिटांत चार गोष्टी लिहायच्या : किती वाजता पडलात, अंदाजे किती वाजता झोप लागली, मध्ये एकूण किती वेळ जाग होती, आणि शेवटी किती वाजता जाग आली. रात्री घड्याळाकडे पाहत बसू नये, त्याने झोप आणखी उडते. सकाळचा अंदाज पुरेसा असतो आणि निवेदनात ‘अंदाजे’ हा शब्द लिहिल्याने काहीही कमी होत नाही. दोन आठवड्यांची नोंद उपयोगी पडते. मनगटावरच्या उपकरणाचे आलेख जोडण्याचा मोह बऱ्याच जणांना होतो. ती उपकरणे मुख्यतः हालचाल आणि नाडी यांवरून झोपेचा अंदाज बांधतात, त्यामुळे निश्चल पडून जागे असलेल्या वेळेची गणना बरेचदा झोपेत होते. असा आलेख तुमच्याच विरुद्ध वापरला जाऊ शकतो, आणि त्यातल्या सोयीच्या तेवढ्या रात्री निवडून जोडल्या तर ते आणखी वाईट दिसते.

गेल्या सात महिन्यांची नोंदवही तुमच्याकडे नसणार, आणि ती आता बसून तयार करू नका. मागच्या तारखा घालून एका बैठकीत लिहिलेली वही ओळखू येते. शाई तीच असते, अक्षर थकलेले नसते, आणि एकही दिवस सुटलेला नसतो. त्याऐवजी जुन्या काळाचे वर्णन आठवणीतून केले आहे असे स्पष्ट लिहा आणि ती आठवण कशावर टेकली आहे ते सांगा. रात्री दोन वाजता मैत्रिणीला पाठवलेला संदेश किंवा पहाटे साडेचारला पाठवलेला कार्यालयीन ईमेल अशा ठिकाणी उपयोगी पडतो.

तुमच्या प्रश्नात सोमवारच्या बैठकीचा उल्लेख आहे. निवेदनाचा कणा मला तिथेच दिसतो. तुमची रविवारची रात्र आणि शुक्रवारची रात्र यांत फरक पडतो का, हे स्वतःला विचारा. वरिष्ठ रजेवर किंवा दौऱ्यावर असताना झोपेत काही सुधारणा होते का, हेही विचारा. समजा त्या नोंदी अशा निघाल्या, तर परिच्छेद साधारण पुढीलप्रमाणे होईल :

‘फेब्रुवारीपूर्वी मला पडल्यावर साधारण अर्ध्या तासात झोप लागत असे आणि मी सहा ते सात तास झोपत असे. तक्रारीतील घटना क्रमांक २ नंतर, म्हणजे मार्चच्या पहिल्या आठवड्यापासून, झोप लागायला बहुतेक रात्री दीड ते दोन तास लागू लागले आणि पहाटे साडेतीनच्या सुमारास जाग येऊ लागली. हे वर्णन आठवणीतून केले आहे. ऑगस्टमध्ये मी १४ दिवस नोंद ठेवली. त्यांपैकी ९ रात्री माझी झोप पाच तासांपेक्षा कमी झाली आणि त्या ९ रात्रींत दोन्ही रविवार आहेत. सप्टेंबरमध्ये वरिष्ठ दोन आठवडे रजेवर असताना ठेवलेल्या नोंदीत अशा रात्री ३ आहेत. दोन्ही नोंदी परिशिष्ट अ म्हणून जोडल्या आहेत.’

या परिच्छेदात एकही विशेषण नाही. ‘छळामुळे’ हा शब्दही नाही. कारण काय ते लिहिणाऱ्याने घोषित केलेले नाही, तारखांनी ते वाचणाऱ्यापुढे ठेवले आहे. रजेच्या काळातल्या त्या तीन वाईट रात्री गाळण्याचा मोह होईल, पण त्या राहू द्या. शून्य असा आकडा माणसाच्या झोपेचा नसतो, हे समितीतल्या प्रत्येकाला स्वतःवरून माहीत असते. आणि तुमच्या नोंदी तपासल्यावर असा काही साचा निघालाच नाही, सगळ्या रात्री सारख्याच वाईट निघाल्या, तर तसेच लिहा. दीर्घकाळ ताण राहिला की झोप मूळ कारणापासून सुटून स्वतंत्रपणेही बिघडते, त्यामुळे साचा नसणे म्हणजे संबंध नसणे असे होत नाही. मात्र अशा वेळी सुरुवातीच्या तारखेवर भर द्यावा लागतो.

आता कामातल्या चुका. तुमची भीती समजण्यासारखी आहे, पण विचार करा : ज्यांच्याविरुद्ध तक्रार आहे त्यांना त्या चुका माहीत आहेत, आणि त्यांच्या उत्तरातले पहिलेच वाक्य बहुधा ‘काम समाधानकारक नव्हते म्हणून मला बोलावे लागले’ असे असेल. तुम्ही गप्प राहिलात तर ही माहिती समितीपुढे प्रथम त्यांच्याकडून येईल आणि तुम्ही ती लपवली असे दिसेल. म्हणून चुका तुमच्याच निवेदनात आणि कालक्रमाने आल्या पाहिजेत. निर्णायक प्रश्न असतो की आधी काय झाले, अपमान की चूक. अपमानाची पहिली घटना फेब्रुवारीतली असेल, त्याआधीच्या दोन वर्षांचे मूल्यमापन चांगले असेल आणि पहिली नोंद झालेली चूक एप्रिलमधली असेल, तर हा क्रम एका परिच्छेदात लिहून मूल्यमापनाच्या प्रती जोडा. उलट फेब्रुवारीपूर्वीही एखादी चूक झाली असेल, तर तीही सांगा आणि तेव्हा ती कशा रीतीने हाताळली गेली होती ते लिहा. आधीच्या वरिष्ठांनी बाजूला बोलावून सांगितले आणि विषय तिथेच संपला, एवढी नोंदही पुष्कळ बोलते.

प्रत्येक चूक छळाच्या खात्यावर मांडू नका. एप्रिलच्या मासिक अहवालात दोन रकाने उलटे भरले गेले, आदल्या रात्री साडेतीन तास झोप झाली होती आणि सहकाऱ्याने ते पाठवण्याआधी पकडले, हे लिहिता येईल. जूनमधली चूक नवी संगणक प्रणाली नीट न समजल्यामुळे झाली असेल, तर ती तशीच लिहा. एका चुकीचे दुसरे कारण मान्य केले की बाकीच्या चुकांविषयी तुम्ही जे म्हणता त्यावर विश्वास ठेवणे सोपे जाते.

चुकांपेक्षा जास्त सांगणारी एक गोष्ट आहे, आणि ती निवेदनांत फार क्वचित दिसते : तुम्ही काय करणे सोडले. बैठकीत प्रश्न विचारणे थांबले का? पूर्वी दोन दिवसांत होणारा अहवाल चार वेळा तपासल्यामुळे आता चार दिवस घेतो का? एखादी जबाबदारी किंवा प्रशिक्षणाची संधी त्या व्यक्तीसमोर उभे राहावे लागू नये म्हणून नाकारली का? चूक कोणाकडूनही होते, पण जे काम माणूस आवडीने करत होता ते तो आपणहून टाळू लागतो तेव्हा त्यामागे काहीतरी असते. इथेही पुरावा साधाच असतो : बैठकीची इतिवृत्ते, ईमेल पाठवल्याच्या वेळा, संधी नाकारल्याचे पत्र.

रजांची नोंद मात्र आधी स्वतः तपासा. अनेक जण अशा काळात खरे कारण न देता ‘घरगुती काम’ असे लिहून रजा घेतात. निवेदनात तीच रजा आजारपणाची म्हणून आली, तर विसंगती पहिल्याच वाचनात सापडते. ‘१२ मे रोजीच्या अर्जात मी घरगुती कारण लिहिले होते, प्रत्यक्षात मला कार्यालयात जाणे शक्य वाटत नव्हते आणि ते लेखी देण्याचे धैर्य झाले नाही’ असे एक सरळ वाक्य पुरते.

तब्येतीच्या भागात आपल्याला काय जाणवते आणि डॉक्टरांनी काय ठरवले, या दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. छातीत धडधडणे, भूक मंदावणे, बैठकीआधी हात थरथरणे ही तुमची निरीक्षणे आहेत, ती तुमच्या शब्दांत लिहा. नैराश्य, चिंताविकार, उच्च रक्तदाब ही निदाने आहेत, ती केसपेपरवर असतील तरच येऊ द्या. आंतरजालावरची प्रश्नावली भरून मिळालेला गुणांक हा चाळणीसारखा असतो. त्यावरून डॉक्टरांकडे जावे की नाही ते कळते, पण निदान म्हणून तो जोडू नये.

अर्धशिशी लपवू नका. ती जुन्या कागदपत्रांत असणारच. जुना आजार असणे ही अडचण नाही, त्याचे प्रमाण बदलले का हा प्रश्न आहे. ‘गेली सहा वर्षे मला साधारण दोन महिन्यांतून एकदा अर्धशिशीचा झटका येत असे, एप्रिलपासून महिन्यातून चार ते पाच वेळा येतो’ या वाक्यात जुना आजारच तुमच्या तुलनेचा पाया बनतो, कारण ‘आधी’ची माहिती तुमच्याकडे कागदोपत्री आहे. अपुरी झोप अर्धशिशीला चालना देते हे डॉक्टरांना ठाऊक असते. तो दुवा निवेदनात तुम्ही जोडण्यापेक्षा त्यांच्या कागदावर आलेला बरा.

इथे एक खाचखळगा आहे. डोकेदुखी वाढली की वेदनाशामक गोळ्या वाढतात, आणि साध्या वेदनाशामक गोळ्या महिन्यातून १५ किंवा अधिक दिवस, तर अर्धशिशीच्या काही खास गोळ्या १० किंवा अधिक दिवस, असे तीन महिन्यांहून जास्त काळ घेतल्या गेल्या तर गोळ्यांमुळेच डोकेदुखी टिकून राहू शकते. तुमच्या गोळ्यांचे दिवस मोजून डॉक्टरांना सांगा. हे उपचारासाठी महत्त्वाचे आहेच, शिवाय समोरच्या बाजूने ‘डोकेदुखीचे कारण औषधे आहेत’ असा मुद्दा काढला तर त्याचे उत्तर आधीच वैद्यकीय कागदावर असेल.

डॉक्टरांकडे प्रमाणपत्र मागताना ‘छळामुळे आजार झाला असे लिहून द्या’ असे म्हणू नका. ते तुमच्या बैठकीत नव्हते. सावध डॉक्टर तसे लिहिणार नाहीत, आणि लिहिले तर त्या वाक्याला किंमत राहणार नाही. तुम्ही प्रथम कधी आलात, कोणत्या तक्रारी सांगितल्या, तपासणीत काय आढळले, कोणते उपचार दिले आणि कामाबाबत काय सल्ला दिला, एवढे त्यांच्याकडून मागा. ‘रुग्णाने कामाच्या ठिकाणी ताण असल्याचे सांगितले’ अशी मे महिन्यातल्या केसपेपरवरची एक ओळ, तक्रारीनंतर खास लिहून घेतलेल्या दोन पानी पत्रापेक्षा वजनदार असते, कारण ती लिहिली गेली तेव्हा तक्रार अस्तित्वातच नव्हती. आतापर्यंत डॉक्टरांकडे गेला नसाल तर आता जा, आणि का गेला नाहीत ते निवेदनात सांगा. जगणे नकोसे वाटणे किंवा स्वतःला इजा करण्याचे विचार येत असतील, तर हे निवेदन बाजूला ठेवून आजच डॉक्टरांकडे जा आणि घरातल्या एका माणसाला सांगा. निवेदनात त्याविषयी एक ओळ पुरते, तीही वैद्यकीय कागद हाती आल्यावर.

निवेदन कोण वाचणार, हे सादर करण्याआधी लेखी विचारून घ्या. बहुतेक प्रक्रियांमध्ये ज्यांच्याविरुद्ध तक्रार आहे त्यांना उत्तर देण्यासाठी प्रत मिळते, कारण जे दाखवले नाही त्याचे उत्तर त्यांच्याकडून मागता येत नाही. म्हणून तब्येतीविषयी मुख्य निवेदनात दोन-तीन परिच्छेदच ठेवा, आणि केसपेपर व औषधांची नावे वेगळ्या बंद परिशिष्टात देऊन ते फक्त समितीने पाहावे अशी विनंती करा. ती मान्य होईलच असे नाही. ज्या आजाराचा या प्रकरणाशी संबंध नाही त्याचा उल्लेखही नको. एक नियम ध्यानात ठेवा : ज्या कागदाचा आधार घ्याल, त्यावर तुम्हाला प्रश्न विचारले जातील.

घरातल्या व्यक्तीचे छोटे निवेदन जोडता येते, पण त्यांनी स्वतः पाहिले तेवढेच त्यात यावे. ‘ती पहाटे चारला स्वयंपाकघरात बसलेली दिसते’ हे चालते. ‘तिचे वरिष्ठ तिला कसे बोलतात’ हे त्यांनी तुमच्याकडूनच ऐकलेले असते, ते चालत नाही.

उरलेल्या गोष्टी थोडक्यात सांगतो. दोन पाने, फार तर तीन. परिच्छेदांना क्रमांक द्या आणि तक्रारीतल्या घटनांचे क्रमांक जागोजागी लिहा. तक्रारीत नसलेली नवी घटना इथे आणू नका, ती आठवली तर तक्रारीला पुरवणी द्या. वरिष्ठांच्या स्वभावाविषयी आणि हेतूविषयी एक अक्षरही लिहू नका. ‘त्यांना मला संपवायचे आहे’ हे तुम्हाला कितीही खरे वाटत असले, तरी ते परिणामात मोडत नाही आणि त्या एका वाक्यावरच उत्तराची दोन पाने खर्ची पडतात. ‘नेहमी’, ‘कधीच’, ‘सगळे’ हे शब्द शोधून त्यांच्या जागी संख्या घाला.

शेवटच्या परिच्छेदात तात्पुरत्या व्यवस्थेची मागणी करा, आणि ती वर लिहिलेल्या परिणामाशी जुळू द्या. सोमवारची बैठक हे मूळ असेल, तर चौकशी संपेपर्यंत तुमच्या कामाचा आढावा दुसऱ्या अधिकाऱ्याने घ्यावा किंवा लेखी घेतला जावा, असे मागा. ‘योग्य ती कारवाई व्हावी’ या वाक्यातून तुम्हाला नेमके काय हवे ते समितीला कळत नाही. खाली सही आणि तारीख घाला. चौकशी लांबली आणि मधल्या काळात तब्येतीत फरक पडला, चांगला किंवा वाईट, तर सादर केलेले निवेदन बदलू नका. नव्या तारखेचे एका पानाचे पुरवणी निवेदन द्या. बैठक थांबल्यावर झोप सुधारली असेल तर ते तर नक्कीच कळवा.